एकाच शाफ्टवरच्या दोन चकत्या क्लचने जोडल्यावर: अंतिम वेग आणि गेलेली ऊर्जा कशी काढायची

हे गणित चुकतं ते बहुधा सूत्र पाठ नसल्यामुळे नाही. ते चुकतं क्रमामुळे. चकत्या जुळल्या की मुलं आधी ऊर्जेचं समीकरण मांडतात आणि त्यातून वेग काढतात. खरं तर वेग आधी निघतो, तोही दुसऱ्याच नियमावरून, आणि ऊर्जेचा हिशोब शेवटी होतो. खाली एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. हातात वही घ्या आणि प्रत्येक टप्प्याला आकडा स्वतः काढून मगच पुढे वाचा.

उदाहरणाची मांडणी

वर्कशॉपमध्ये एक आडवा शाफ्ट दोन बेअरिंगांवर बसवला आहे. त्यावर पहिली चकती चावी मारून पक्की केली आहे: वजन २० किलो, व्यास ६० सेंटिमीटर. दुसरी चकती त्याच शाफ्टवर स्वतःच्या बेअरिंगवर सैल बसते: वजन १५ किलो, व्यास ४० सेंटिमीटर. दोघींच्या मधे क्लचचं अस्तर आहे. पहिली ६०० आरपीएमने फिरते आहे, दुसरी स्थिर आहे. मोटरचा पट्टा उतरवून ठेवला आहे, म्हणजे शाफ्टला बाहेरून कुणी फिरवत नाही. आता लिव्हर ओढून दुसरी चकती पहिलीवर दाबली. थोडा वेळ अस्तर घसरेल, मग दोन्ही एकाच वेगाने फिरतील. तो वेग किती, आणि घसरताना किती ऊर्जा गेली?

## टप्पा १: हा नियम इथे लागतो का, ते आधी पाहा

या गणिताचा पाया म्हणजे कोनीय संवेगाची अक्षय्यता. बाहेरून बलाघूर्ण, म्हणजे टॉर्क, लागत नसेल तर दोन्ही चकत्यांचा मिळून कोनीय संवेग बदलत नाही. क्लचचं घर्षण पहिलीला मागे ओढतं आणि तेवढंच दुसरीला पुढे ढकलतं. ही त्या दोघींमधली आपसातली देवघेव आहे, म्हणून एकूण बेरजेत ती दिसत नाही.

नियम लावण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, दोन्ही चकत्यांचा अक्ष एकच आहे का. गावाकडच्या चक्कीत इंजिन एका जागी, चक्की दुसऱ्या जागी आणि मधे पट्टा असतो. तिथे दोन शाफ्ट, दोन अक्ष. पट्टा ताणला की इंजिनाच्या आणि चक्कीच्या बेअरिंगांवर जमिनीकडून बल येतं, आणि ते बाहेरचं असतं. अशा जोडणीत कोनीय संवेगाची सरळ बेरीज सारखी राहत नाही. दातेरी चाकांच्या जोडीचंही तेच. हे सूत्र फक्त एका शाफ्टवरच्या, तोंडाला तोंड लावलेल्या चकत्यांसाठी आहे.

दुसरी, इंजिन किंवा मोटर जोडलेली आहे का. ट्रॅक्टरवर क्लच सोडताना इंजिन चालूच असतं आणि फ्लायव्हीलला सतत ढकलत असतं. तो हिशोब वेगळा, तो शेवटी केला आहे.

तिसरी, बेअरिंगचं घर्षण. ते थोडंफार असणारच. प्रश्न इतकाच की क्लच जुळायला लागणाऱ्या वेळात ते किती संवेग खाईल. आपल्या उदाहरणात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं, टप्पा ५ मध्ये पाहू.

> खबरदारी: प्रश्नात ‘मोटर बंद केली’, ‘मुक्तपणे फिरत आहे’ असं काही लिहिलं आहे का, ते शोधा. ‘स्थिर वेगाने फिरवत ठेवली आहे’ असं असेल तर इथेच थांबा आणि थेट टप्पा ६ पाहा.

## टप्पा २: जडत्व आघूर्ण काढा

भरीव, सपाट, सारख्या जाडीच्या चकतीचं स्वतःच्या अक्षाभोवतीचं जडत्व आघूर्ण:

```
I = ½ M R²
```

R म्हणजे त्रिज्या. दुकानात आणि कारखान्यात माप नेहमी व्यासात सांगतात (‘साठची चकती द्या’), म्हणून वहीवर उतरवतानाच निम्मं करा आणि मीटरमध्ये लिहा.

पहिली: ½ × २० × ०.३ × ०.३ = ०.९ किग्रॅ·मी²
दुसरी: ½ × १५ × ०.२ × ०.२ = ०.३ किग्रॅ·मी²

वजन वीस आणि पंधरा, फारसा फरक नाही. पण जडत्व आघूर्ण थेट तिप्पट. त्रिज्येचा वर्ग होतो म्हणून असं होतं. त्यामुळेच शाफ्टवर एखादी छोटी पुली राहिली असेल तर घाबरायचं कारण नाही. दोन किलोची, १० सेंटिमीटर व्यासाची भरीव पुली ½ × २ × ०.०५ × ०.०५ = ०.००२५ इतकीच भर घालते. नियम मात्र लक्षात ठेवा: शाफ्टला चावीने पक्कं असलेलं सगळं पहिल्या चकतीच्या खात्यात जातं.

½ MR² सगळीकडे चालत नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं. जुन्या डिझेल इंजिनांचं आऱ्यांचं फ्लायव्हील पाहा. त्याचं बहुतेक लोखंड बाहेरच्या धावेत असतं. त्याचं जडत्व आघूर्ण ½ MR² पेक्षा बरंच जास्त, MR² च्या जवळ जातं. प्रश्नात ‘कडे’ किंवा ‘पातळ रिंग’ लिहिलं असेल तर MR² घ्या, ‘चकती’ असेल तर ½ MR².

> तपासा: दोन्हीकडे चुकून त्रिज्येऐवजी व्यास वापरला तर दोन्ही I चौपट होतात. गंमत म्हणजे अंतिम वेग तरीही बरोबर येतो, कारण वरखाली चौपट कटून जातं. ऊर्जा मात्र चौपट चुकते. वेग जुळला म्हणून I बरोबरच असेल, असं धरू नका.

## टप्पा ३: दिशा ठरवा आणि अंतिम वेग काढा

आता एक दिशा धन धरा, उदाहरणार्थ पहिलीची. दुसरी त्याच दिशेने फिरत असेल तर तिचा वेग धन, उलट असेल तर ऋण. ही खूण आत्ताच कागदावर लिहा. समीकरणात मधेच चिन्ह बदलायला गेलं की घोळ होतो.

```
I₁ω₁ + I₂ω₂ = (I₁ + I₂) ω
```

आपल्या उदाहरणात दुसरी स्थिर आहे, म्हणून:

०.९ × ६०० + ०.३ × ० = १.२ × ω
५४० = १.२ ω
ω = ४५० आरपीएम

इथे आरपीएम तसेच ठेवले, रेडियनमध्ये बदलले नाहीत. हे चालतं, कारण दोन्ही बाजूंना वेग एकाच घाताने येतो आणि एकक कटून जातं. उत्तरही आरपीएममध्येच मिळतं. पुढच्या टप्प्यात मात्र ही सवलत नाही.

आता दुसरी चकती आधीच २०० आरपीएमने त्याच दिशेने फिरत होती असं धरा. मग (५४० + ६०) ÷ १.२ = ५०० आरपीएम. उलट दिशेने २०० असेल तर (५४० − ६०) ÷ १.२ = ४०० आरपीएम. उलट दिशेच्या प्रश्नात उत्तर ५०० आलं, तर चिन्ह विसरलात.

> तपासा: अंतिम वेग नेहमी दोन सुरुवातीच्या वेगांच्या मधे (चिन्हांसकट) पडतो, आणि ज्या चकतीचं I मोठं तिच्या वेगाकडे झुकतो. ४५० हे ० आणि ६०० च्या मधे आहे, ६०० च्या जवळ आहे, आणि I₁ मोठा आहे. ठीक.

कुंभाराच्या फिरत्या चाकावर वरून मातीचं जड कडं ठेवलं तर चाक मंदावतं, तेही हेच. फरक इतकाच की तिथे क्लचची जागा मातीच्या चिकटपणाने घेतली.

## टप्पा ४: आता ऊर्जा काढा

इथे आरपीएम चालणार नाहीत. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो आणि ज्यूलमध्ये उत्तर हवं असेल तर वेग रेडियन प्रति सेकंदातच लागतो. आरपीएमला ९.५५ ने भागा, झालं (२π ÷ ६० ने गुणणं म्हणजे तेच).

६०० ÷ ९.५५ = ६२.८ रेडियन प्रति सेकंद
४५० ÷ ९.५५ = ४७.१ रेडियन प्रति सेकंद

सुरुवातीची ऊर्जा: ½ × ०.९ × ६२.८². ६२.८३ चा वर्ग सुमारे ३९४८, म्हणून ०.४५ × ३९४८ = १७७६ ज्यूल.
शेवटची ऊर्जा: ½ × १.२ × ४७.१². ४७.१२ चा वर्ग सुमारे २२२१, म्हणून ०.६ × २२२१ = १३३२ ज्यूल.
गेलेली ऊर्जा: १७७६ − १३३२ = ४४४ ज्यूल.

आता दुसऱ्या वाटेने पडताळा. दोन्ही समीकरणं एकत्र केली की ऊर्जेच्या तोट्याचं एक आटोपशीर सूत्र मिळतं:

```
तोटा = ½ × [I₁I₂ ÷ (I₁ + I₂)] × (ω₁ − ω₂)²
```

कंसातला भाग: ०.९ × ०.३ ÷ १.२ = ०.२२५. त्याचा अर्धा ०.११२५. आणि ०.११२५ × ३९४८ = ४४४ ज्यूल. दोन्ही वाटांनी तेच आलं.

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यातला शेवटचा कंस नीट पाहा. तोटा दोन वेगांच्या फरकावर अवलंबून आहे. कोण किती जोरात फिरतंय यापेक्षा एकमेकींच्या मानाने किती, हे महत्त्वाचं. दुसरी चकती त्याच दिशेने २०० ने फिरत असेल तर फरक ४०० आरपीएम आणि तोटा १९७ ज्यूल. स्थिर असेल तर फरक ६०० आणि तोटा ४४४. उलट दिशेने २०० असेल तर फरक ८०० आणि तोटा ७९० ज्यूल. फरक ४, ६, ८ या प्रमाणात, तोटा १६, ३६, ६४ च्या प्रमाणात.

> खबरदारी: उलट दिशेला ω₁ − ω₂ मध्ये ऋण संख्या वजा होऊन बेरीज होते: ६०० − (−२००) = ८००. इथे ४०० लिहिलं तर तोटा चौथाईवर येतो.

## टप्पा ५: ऊर्जा गेली कुठे, आणि क्लच मऊ असला तर कमी जाईल का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून थोडं थांबून पाहू. अनेकांना वाटतं की क्लच हळू, मऊपणे लावला तर घसरण कमी त्रासाची होईल आणि तोटाही कमी होईल. तसं होत नाही.

समजा अस्तर १० न्यूटन-मीटर इतका घर्षणाचा टॉर्क देतं. दुसऱ्या चकतीला ० पासून ४७.१ पर्यंत न्यायला तिचा संवेग ०.३ × ४७.१ = १४.१ ने वाढायला हवा. १४.१ ÷ १० = १.४ सेकंद लागतील. या वेळात दोन चकत्यांमधला वेगाचा फरक ६२.८ पासून शून्यापर्यंत एकसारखा उतरतो, म्हणून सरासरी फरक ३१.४. एकमेकींवर किती घसरल्या? ३१.४ × १.४१ = सुमारे ४४.४ रेडियन, म्हणजे साधारण सात फेरे. टॉर्क गुणिले घसरलेला कोन: १० × ४४.४ = ४४४ ज्यूल.

आता अस्तर बदलून २० न्यूटन-मीटरचं घाला. वेळ निम्मा, ०.७ सेकंद. घसरण निम्मी, २२.२ रेडियन. पण टॉर्क दुप्पट: २० × २२.२ = ४४४ ज्यूल. तोच आकडा. जोरात दाबला काय किंवा हळू दाबला काय, उष्णतेत जाणारी ऊर्जा तेवढीच. फक्त हिसका कमी-जास्त जाणवतो.

ही सगळी उष्णता अस्तरात आणि त्याला घासणाऱ्या चकत्यांच्या पृष्ठभागात जाते. एकदा जुळवलं तर ४४४ ज्यूल फार नाहीत. एक किलो पोलादाला एक अंश तापवायला सुमारे ४६० ज्यूल लागतात. पण तीच जोडणी मिनिटाला वीस वेळा केली तर उष्णता बाहेर पडायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरवर अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या क्लच प्लेटला जळका वास येतो तो म्हणूनच: फरक मिटतच नाही आणि घासणं सुरूच राहतं.

आता बेअरिंगचा विषय. त्यांचं घर्षण ०.२ न्यूटन-मीटर धरलं तर १.४ सेकंदात ते ०.२८ इतका संवेग खाईल. एकूण संवेग ०.९ × ६२.८ = ५६.५ आहे. म्हणजे अर्धा टक्का. पण क्लच अगदीच सैल असेल, टॉर्क १० ऐवजी अर्धाच न्यूटन-मीटर मिळत असेल, तर जुळायला २८ सेकंद लागतील आणि बेअरिंग ५.६ संवेग खाईल, जवळजवळ दहा टक्के. तिथे ‘बाहेरून टॉर्क नाही’ असं म्हणता येत नाही. मोजलेला वेग हिशोबापेक्षा कमी आला तर आधी घसरणीला किती वेळ लागला ते बघा.

## टप्पा ६: इंजिन चालूच असेल तर

मळणीयंत्रावर (आपल्याकडे हडंबाही म्हणतात) ट्रॅक्टर लावला की इंजिनाचा गव्हर्नर वेग टिकवायला पाहतो. पहिली चकती ६०० वर पक्की धरली आहे असं मानलं, तर संवेगाची अक्षय्यता वापरायचीच नाही, कारण इंजिन बाहेरून टॉर्क देतंय. अंतिम वेग सरळ ६००. दुसरी चकती शून्यापासून ६०० पर्यंत जाते:

तिला मिळालेली ऊर्जा: ½ × ०.३ × ३९४८ = ५९२ ज्यूल.
इंजिनाने दिलेलं काम म्हणजे टॉर्क गुणिले पहिली चकती तेवढ्या वेळात फिरलेला कोन. टॉर्क गुणिले वेळ हा दुसरीला मिळालेला संवेग, ०.३ × ६२.८३ = १८.८५. त्याला ६२.८३ ने गुणलं की ११८४ ज्यूल.
फरक ५९२ ज्यूल, तो उष्णतेत जातो.

म्हणजे इंजिनाने दिलेल्यातलं निम्मं दुसऱ्या चकतीत आणि निम्मं अस्तरात. मुक्त चकत्यांच्या ४४४ पेक्षा हा तोटा जास्त आहे, कारण पहिली मंदावत नसल्याने वेगाचा फरक जास्त वेळ टिकतो. सूत्राकडे पाहिलं तरी तेच दिसतं: I₁ अनंत मोठा मानला की I₁I₂ ÷ (I₁ + I₂) म्हणजे फक्त I₂ उरतो.

## चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखा

याच उदाहरणात (६०० आणि स्थिर, मुक्त शाफ्ट) काही चुकीचे आकडे नेहमी येतात. कुठला आला त्यावरून कुठे घसरलात ते कळतं.

- वेग ५२० आरपीएम: ऊर्जा अक्षय्य मानून वेग काढला. ६०० गुणिले √(०.९ ÷ १.२) म्हणजे तेवढेच. अस्तर घसरत असताना गतिज ऊर्जा टिकत नाही.
- वेग ३०० आरपीएम: दोन वेगांची सरासरी काढली. दोन्ही I सारखे असतील तेव्हाच हे खरं ठरतं.
- वेग ३४३ आरपीएम: I ऐवजी वजनं वापरली, २० × ६०० ÷ ३५.
- तोटा ४०,५०० ज्यूल: आरपीएम न बदलता वर्ग केला. ९.५५ चा वर्ग सुमारे ९१, तेवढ्या पटीने उत्तर फुगतं.
- तोटा १७७६ ज्यूल: त्रिज्येऐवजी व्यास घेतला. हा आकडा योगायोगाने खऱ्या सुरुवातीच्या ऊर्जेइतकाच येतो, म्हणून पटकन संशय येत नाही. पण सगळी ऊर्जा गेली असती तर चकत्या थांबल्या असत्या, आणि त्या तर ४५० ने फिरताहेत.
- तोटा ऋण आला: उत्तर उचलून ठेवा, कुठेतरी चिन्ह किंवा I चुकला आहे. क्लच घासून ऊर्जा निर्माण करत नाही.